जुनं सेको ५ घेताना ‘सगळं ओरिजिनल’ हे कसं तपासायचं?

प्रश्न: ऑनलाइन एक जुनं सेको ५ दिसलं. केशरी डायल, अगदी नव्यासारखं. विकणारा ‘सगळं ओरिजिनल’ म्हणतो आणि त्यामुळे जास्त पैसे मागतो. घेऊ का?

उत्तर: आत्ता पैसे देऊ नका. चाळीस वर्षांच्या घड्याळाच्या केसवर ओरखडे आणि डायल मात्र कोरी करकरीत, असं दिसलं की पहिला संशय डायलवरच घ्यायचा. जुनी डायल घासून, रंगवून, पुन्हा छापून विकण्याचा धंदा आपल्याकडे इतका चालतो की परदेशातले संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात.

विकणाऱ्याकडे तीन स्पष्ट फोटो मागा: डायलचा जवळून, मागच्या झाकणाचा आणि झाकण उघडून मशीनचा. डायलच्या खालच्या कडेला, सहाच्या आसपास, मुंगीएवढ्या अक्षरांत एक क्रमांक असतो. त्याचे पहिले चार आकडे म्हणजे मशीनचा नंबर. तोच नंबर झाकणावर आणि मशीनवरही हवा. रंगवलेल्या डायलवर हा क्रमांक बहुतेक वेळा नसतो, किंवा असलाच तर जाड आणि फिसकटलेला दिसतो. मिनिटांच्या रेघाही भिंगातून पाहा. मूळ छपाईची कड तीक्ष्ण असते.

मी स्वतः यात फसलोय. माझ्या घड्याळाच्या झाकणावर ७००९ होतं, सिरीयल ८७ ने सुरू होणारा. सेकोच्या सहा आकडी सिरीयलमध्ये पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा आणि दुसरा महिना, म्हणजे जुलै १९७८ किंवा जुलै १९८८. दशक त्यातून कळत नाही. झाकण आणि मशीन जुळत होतं, म्हणून मी निर्धास्त झालो. घरी आल्यावर भिंग लावलं तर डायलवर क्रमांकच नव्हता आणि सेकंदकाटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचत नव्हता. डायल रंगवलेली, काटा दुसऱ्याच घड्याळाचा. मशीन अस्सल होतं, पण मी किंमत मोजली होती संपूर्ण घड्याळाची.

‘नुकतंच सर्व्हिसिंग केलंय’ यावरही विसंबू नका. कागद क्वचितच मिळतो, पण कारागीर झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत तारीख किंवा खूण कोरून ठेवतात, ती पाहा. टायमिंग मशीन असलेल्या दुकानात घड्याळ आडवं ठेवून तपासून घ्या. पूर्ण चावी भरलेली असताना अँप्लिट्यूड, म्हणजे मशीनमधलं मागेपुढे फिरणारं चाक किती अंश झोका घेतं ते, २०० अंशांच्या खाली आलं, तर तेल सुकलंय किंवा भाग झिजलेत असं धरा. ७००९ ला हाताने चावी देता येत नाही, ती हाताच्या हालचालीने आपोआप भरते, म्हणून मोजण्याआधी ते दिवसभर मनगटावर वापरलेलं हवं.

तुमच्या केशरी डायलवर तो क्रमांक नसेल, तर ओरिजिनलची किंमत देऊ नका. मशीन आणि केस चांगली असतील तर तेवढ्याचेच पैसे द्या, त्यातूनही सर्व्हिसिंगचा खर्च वजा करून. विकणारा झाकण उघडून दाखवायला तयार नसेल, तर ते घड्याळ सोडून द्या.