काळ्या ट्यूबला हात लावू नकोस

तुझ्या पोर्ट्रेटमधला सावळा चेहरा राखेसारखा दिसतोय, कारण सावलीत काळा आणि उजेडात नुसता पांढरा घातलायस. ऑइलमध्ये बर्न्ट सिएना या लालसर तपकिरी रंगात थोडा अल्ट्रामरीन निळा मिसळ. सिएना जास्त राहिला तर ऊबदार गडद तपकिरी मिळतो, निळा वाढवला की सावली. उजेडाकडच्या भागासाठी सिएनात यलो ऑकर आणि किंचित कॅडमियम रेड घे; पांढरा अगदी शेवटी, सुरीच्या टोकावर येईल तेवढाच. गव्हाळ वर्णाला ऑकर मुख्य धर, गोऱ्याला पांढरा. तांबडा दोन्हीकडे बेतानेच.

पण एकच मिश्रण चेहराभर फासू नकोस. कपाळ जरा पिवळसर असतं, गाल, नाक आणि कान रक्तामुळे तांबूस, पुरुषाच्या दाढीची जागा निळसर-करडी. हे फरक रंगाचे आहेत, उजळपणाचे नव्हेत. डोळे बारीक करून बघ: गालावरचा तांबूस ठिपका वेगळा उठून दिसला, तर तो जास्त गडद किंवा फिका झालाय.

गडद त्वचेवर खिडकीतून आकाशाचा उजेड आला, की कपाळावरची चमक चक्क निळसर दिसते. तिथे मात्र पांढऱ्यात कणभर अल्ट्रामरीन चालतो.