‘माझ्या मुलांना’ म्हणजे कुणाला?

प्रश्न: वडिलांच्या मृत्युपत्रात लिहिलंय, ‘पंचवटीतील घर व माझ्या सर्व चीजवस्तू माझ्या मुलांना समान मिळाव्यात. दोन्ही मुलांनी आईला सांभाळावे.’ आम्ही दोन भाऊ आणि मी. भाऊ म्हणतात, ‘मुलांना’ म्हणजे मुलग्यांना. बँकेत वडिलांची १२ लाखांची ठेवही आहे. सगळी कमाई त्यांचीच. मला काही मिळेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, व्याकरणाने ‘मुले’ म्हणजे मुलगे-मुली सगळे, आणि मुलगे असतील तर ‘मुलग्यांना’. पण बोलताना आपण ‘दोन मुलं, एक मुलगी’ असंच म्हणतो. म्हणून कोर्ट शब्दकोश उघडून थांबत नाही. मृत्युपत्र लिहिणाऱ्याने तो शब्द कोणत्या अर्थाने वापरला, हे संपूर्ण दस्त वाचून ठरवलं जातं.

इथे भावांच्या बाजूने जड पडणारं वाक्य दुसरं आहे. ‘दोन्ही मुलांनी’ म्हणजे मुलगेच, यात शंका नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ चं कलम ८६ सांगतं की तोच शब्द पुन्हा आला तर, उलट हेतू दिसत नसेल तर, अर्थही तोच धरावा. तुमचं उत्तर त्याच ओळीत आहे: फक्त मुलगे म्हणायचे तेव्हा वडिलांनी ‘दोन्ही’ जोडलं, वाटणीच्या वाक्यात मात्र नाही जोडलं. युक्तिवाद चांगला आहे, पण एकट्याने तरेल असं मला वाटत नाही. त्याला पुरावा हवा. कलम ७५ प्रमाणे कुटुंबाची परिस्थिती कोर्टापुढे आणता येते. वडिलांच्या हातची पत्रं, डायरी शोधा. त्यात कुठे ‘माझी तीन मुलं’ असं असेल तर ते सोनं समजा. ‘बाबा म्हणायचे, तुलाही देणार’ ही साक्ष मात्र सहसा उपयोगी पडत नाही. आणि कुणी कलम ९९ मधली ‘मुले’ची व्याख्या दाखवली तर हुरळू नका, ते कलम हिंदूंच्या मृत्युपत्रांना लागू केलेलं नाही.

आता ठेव. ‘चीजवस्तू’ म्हणजे भांडीकुंडी, दागिने, फर्निचर. त्यात बँकेतली ठेव बसते का? बसत नसेल तर तिच्यापुरतं मृत्युपत्रच नाही असं धरून ती हिंदू वारसा कायद्याने आई आणि तुम्हा तिघांत समान जाईल, प्रत्येकी ३ लाख. पण काही मिळकत मृत्युपत्राबाहेर राहू नये, असा कोर्टाचा कल असतो, त्यामुळे ‘सर्व’ या शब्दावर भाऊ जोर देतील.

म्हणून दाव्यात दोन्ही गोष्टी मांडा: आधी, ‘मुलांना’मध्ये मी आहे, म्हणजे घरात आणि ठेवीतही एक तृतीयांश, ते न मानल्यास, ठेव मृत्युपत्राबाहेर, तिच्यात एक चतुर्थांश. दुसरी मागणी पर्यायी आहे हे स्पष्ट लिहा, नाहीतर एक युक्तिवाद दुसऱ्याला खाईल. वाटपाचा दावा नाशिकच्या दिवाणी न्यायालयात लावा, सोबत घर न विकण्यासाठी मनाई हुकमाचा अर्ज द्या, आणि त्याआधी बँकेला लेखी कळवा की ठेवीवर वाद आहे.