केशवानंद भारती सहाजणांत वाटायचा तर पानं मोजू नका, निकालपत्रं मोजा

प्रश्न: नांदेडला एलएल.बी. करतोय, सहाजणांचा गट आहे. केशवानंद भारतीचा निकाल पूर्ण वाचायचा ठरलंय. मागच्या वेळी गोलकनाथ पानं वाटून वाचला, तर शेवटी सहा तुकडे हातात आले, जोड काही लागला नाही. सगळ्यांना द्यायचा वाटपाचा कागद कसा करावा?

उत्तर:

जोड लागला नाही कारण वाटणी पानांवर झाली. केशवानंदमध्ये तर ती चालणारच नाही. 24 एप्रिल 1973 चा हा निकाल 13 न्यायमूर्तींचा आहे आणि त्यात 11 वेगवेगळी निकालपत्रं आहेत. सुमारे 700 पानांचे सहा सारखे भाग केले, तर एका न्यायमूर्तींचा युक्तिवाद एकाकडे आणि त्यांचा निष्कर्ष दुसऱ्याकडे जातो. दोघांचेही सारांश अर्धवट राहतात.

निकालपत्रं अशी वाटा. खन्ना यांचं बाजूला ठेवा, ते सहाही जणांनी वाचायचं. 7 विरुद्ध 6 हा निकाल त्यांच्या मतावर फिरला, त्यामुळे ते एकावर सोपवण्यासारखं नाही. उरली दहा. सिक्री, शेलट-ग्रोव्हर, हेगडे-मुखर्जी आणि जगनमोहन रेड्डी ही चार निकालपत्रं संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा आहे म्हणणारी. राय, पालेकर, मॅथ्यू, बेग, द्विवेदी आणि चंद्रचूड ही सहा ती मर्यादा न मानणारी. चौघांना दोन्हीकडचं एकेक द्या, मोठ्याबरोबर छोटं. दुसऱ्या बाजूची जी दोन सर्वांत लांब असतील ती उरलेल्या दोघांना एकेकटी द्या. दोन्हीकडचं वाचणाऱ्याला मतभेद नेमका कुठल्या वाक्याशी सुरू होतो ते आपोआप दिसतं, आणि जोडणीच्या दिवशी हेच चौघं उपयोगी पडतात.

कागद एकच पान, पाठपोट. वरच्या बाजूला कोणती प्रत वापरायची ते लिहा, आणि सगळ्यांनी तीच वापरायची. एआयआर आणि एससीसी यांतले परिच्छेद क्रमांक जुळत नाहीत. एकानं एकातून आणि दुसऱ्यानं दुसऱ्यातून क्रमांक दिले की पडताळणी बंद पडते. त्याखाली प्रत्येकाचं नाव, त्याची निकालपत्रं, आणि सगळ्यांना सारखेच पाच प्रश्न:

1. कलम 368 मधल्या ‘दुरुस्ती’ची व्याप्ती किती?
2. कलम 13(2) मधल्या ‘कायद्या’त घटनादुरुस्ती येते का?
3. दुरुस्तीच्या अधिकारावर मर्यादा आहेत का? असल्या तर कोणत्या?
4. 24व्या आणि 29व्या दुरुस्तीचं काय?
5. 25व्या दुरुस्तीचं काय? कलम 31(2) आणि 31सी वेगवेगळं लिहा.

एका निकालपत्राचा सारांश 600 शब्दांच्या आत, उत्तरं याच क्रमानं, आणि प्रत्येक विधानापुढे परिच्छेद क्रमांक. क्रमांक नसलेलं वाक्य जोडणीत घ्यायचं नाही, असं कागदावरच छापून टाका.

पाठीमागच्या बाजूला शब्दांची यादी हवीच. गट मराठीत सारांश लिहितो आणि निकाल इंग्रजीत आहे, इथंच निम्मा घोळ होतो. ‘बेसिक स्ट्रक्चर’ला एकजण मूलभूत संरचना म्हणतो, दुसरा पायाभूत चौकट, तिसरा मूळ ढाचा. जोडलेला मजकूर वाचणाऱ्याला वाटतं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याहून वाईट उदाहरण 25व्या दुरुस्तीचं. तिनं कलम 31(2) मधला ‘कॉम्पेन्सेशन’ हा शब्द काढून ‘अमाउंट’ घातला, वादच त्यावर आहे. सारांशात दोन्हींसाठी ‘मोबदला’ लिहिला की दुरुस्तीत काय बदललं तेच दिसेनासं होतं. यादीत स्पष्ट लिहा: कॉम्पेन्सेशन म्हणजे भरपाई, अमाउंट म्हणजे रक्कम. आठ-दहा शब्द पुरेत. शंका आली तर मूळ शब्द देवनागरीत तसाच ठेवायचा, मनानं मराठी करायचं नाही.

आता सर्वांत नेहमीची चूक. आपल्याकडचे न्यायमूर्ती वकिलांचं म्हणणं पानंच्या पानं मांडतात आणि मग त्यावर आपलं मत देतात. इथं अर्जदारांकडून पालखीवाला होते, केरळकडून सीरवाई. घाईत वाचणारा पालखीवालांचा युक्तिवाद न्यायमूर्तींच्या नावावर घालून मोकळा होतो. ‘इट वॉज कन्टेन्डेड’, ‘लर्नेड काउन्सेल सबमिटेड’, ‘इट इज अर्ज्ड’ असं दिसलं की ते वकिलाचं. ‘इन माय ओपिनियन’, ‘आय होल्ड’, ‘आय अ‍ॅम अनएबल टु अ‍ॅक्सेप्ट’ हे न्यायमूर्तींचं. सारांशात प्रत्येक ओळीआधी ‘व’ किंवा ‘न्या’ असं अक्षर टाकायला सांगा. कंटाळवाणं आहे, पण ही चूक पुढे कुणालाच सापडत नाही, कारण बाकीच्यांनी तो भाग वाचलेलाच नसतो.

दुसरी चूक वाक्य आखडताना होते. खन्नांनी मालमत्तेचा हक्क मूलभूत संरचनेचा भाग नाही असं म्हटलं. ते आखडून ‘मूलभूत हक्क संरचनेचा भाग नाहीत’ असं लिहिलं, की अर्थ पार बदलला. हा गोंधळ इतका खरा आहे की 1975 च्या इंदिरा गांधी विरुद्ध राज नारायण खटल्यात खन्नांना स्वतःलाच खुलासा करावा लागला, की आपल्याला तसं म्हणायचं नव्हतं. म्हणून कागदावर एक नियम घाला: ‘फक्त’, ‘सोडून’, ‘जर’, ‘या मर्यादेत’ असे शब्द सारांशात गाळायचे नाहीत.

वाचनाला दहा दिवस धरा, पण पहिल्या दिवशी सगळ्यांनी खन्नांचीच पाच पानं घेऊन सारांश लिहायचा आणि समोरासमोर ठेवून बघायचा. कोण वकिलाचं न्यायमूर्तींवर ढकलतंय, कोण पाल्हाळ लावतंय, ते तिथंच कळतं. जोडणीचा दिवस मंगळवार ठेवा. शनिवारी-रविवारी निम्मा गट मुखेड-हदगावकडे गावी असतो, सोमवारी कुणाची ना कुणाची एसटी उशिरा येते.

जोडणी म्हणजे सहा सारांश एकामागे एक लावून झेरॉक्स काढणं नव्हे. एक ड्रॉइंगचा मोठा कागद घ्या, उभे अकरा रकाने निकालपत्रांचे, आडव्या पाच ओळी प्रश्नांच्या. एकजण वाचतो, दुसरा रकान्यात एका ओळीत उत्तर आणि परिच्छेद क्रमांक भरतो. न्यायमूर्तींनी त्या प्रश्नावर काहीच म्हटलं नसेल तर आडवी रेघ, वाचणाऱ्याला सापडलं नसेल तर प्रश्नचिन्ह. दोन्हींना रिकामा चौकोन ठेवला तर राहून गेलेलं आणि मुळातच नसलेलं यांत फरक उरत नाही.

तक्ता भरला की तिसरी ओळ मोजा. शेलट-ग्रोव्हर आणि हेगडे-मुखर्जी या रकान्यांत दोन-दोन न्यायमूर्ती आहेत हे विसरू नका. खन्ना धरून मर्यादा मानणारे 7 आणि न मानणारे 6 यायलाच हवेत. नाही आले तर चूक तुमच्या एखाद्या चौकोनात आहे, परिच्छेद क्रमांक धरून मूळ निकालपत्र उघडा. पाचव्या ओळीचा ताळा 31सी चा: पहिला भाग वैध, आणि न्यायालयात आव्हान देता येणार नाही म्हणणारा दुसरा भाग अवैध, असा निकाल आहे. शेवटी जे बहुमताचं निवेदन जोडलेलं आहे, त्याच्यावर मात्र मोजणी बेतू नका. त्यावर नऊच न्यायमूर्तींच्या सह्या आहेत, आणि त्यात निष्कर्ष आहेत, कारणं नाहीत.

या तक्त्यातून कोण काय म्हणालं ते कळतं, ते तसं का म्हणाले ते पूर्ण कळत नाही. खन्नांशिवाय आणखी एका निकालपत्रावर परीक्षेत सविस्तर लिहायचं असेल, तर ते स्वतः वाचावं लागेल, मित्राच्या 600 शब्दांवर भागणार नाही.