मफिनमधले बोगदे

प्रश्न: मफिन मधून कापला की आत लांब लांब बोगदे दिसतात आणि खाताना चिवट लागतो. बेकिंग पावडर जास्त होतेय का?

पावडर नाही, हात जास्त चालतोय. हेच वाक्य मी माझ्या नणंदेला गेली कित्येक वर्षं सांगतेय.

तिने कोथरूडला एक बेकिंगचा क्लास केला, तिथल्या बाईंनी शिकवलं, ‘गुठळी राहता कामा नये.’ केकला एक वेळ ठीक आहे. पण ही मफिनलाही बीटर लावते आणि बोगदे पडले की माझ्या पावडरीचा डबा हुंगून बघते. शेवटी भाच्याच्या वाढदिवसाला तिच्यासमोरच केलं. अडीचशे ग्रॅम मैदा, अडीच छोटे चमचे बेकिंग पावडर, शंभर ग्रॅम साखर, एक अंडं, एक कप दूध, पाव कप तेल. कोरडं एकीकडे, ओलं एकीकडे. मग ओलं सगळं एकदम कोरड्यात ओतून स्पॅट्युलाने तळापासून वर दहा-बारा वेळा उलथलं. कोरडा मैदा दिसेनासा झाला की थांबायचं, गुठळ्या तशाच. अर्धं मिश्रण साच्यात घातलं. उरलेलं तिच्या हातात दिलं. तिने ते रिबिनीसारखं गुळगुळीत होईपर्यंत फेटलं.

दोन्ही एकाच ट्रेमध्ये, एकाच डब्यातली पावडर. माझे वर ओबडधोबड, गोलसर. तिचे तुकतुकीत आणि टोकदार, कापल्यावर टोकाकडे चढत गेलेले कात्रजचे बोगदे! फेटून मैद्यातलं ग्लुटेन ताणलं जातं. मग वायू आणि वाफ बारीक जाळी करत पसरत नाहीत, त्या चिवट पडद्यांमधून वर जायची वाट काढतात. गुठळ्यांची काळजी नको, त्या भट्टीत भिजतात. साच्यात घालतानाही पुन्हा ढवळू नका.

तरी नणंद म्हणाली, ‘तुझा ओटीजीच तसला.’ यात थोडं तथ्य आहे, हे तिला सांगू नका. भट्टी फार तापलेली असेल तर वरची साल आधी घट्ट होते, आत मिश्रण अजून फुगतच असतं, मग ते जिथे कच्चं सापडेल तिथून टोक काढून वर येतं. टोक एका बाजूला कललेलं, वरून काळपट आणि मधे ओलसर असेल तर दोष आचेचा समजा. ओटीजी नीट तापू द्या, २०० अंश ठेवा, ट्रे मधल्या खणात आणि वरची कांडी बंद. अठरा-वीस मिनिटं पुरतात. डायलवर विश्वास नसेल तर आत ठेवायचा थर्मामीटर मिळतो.

हां, लोणी-साखर फेटून करायच्या, भरपूर लोण्याच्या मफिनला हे एवढं कडक लागू नाही, तिथे स्निग्धांश ग्लुटेनला आवरतो. कमी तेल-साखरेचे ‘हेल्दी’ मफिन मात्र लगेच चिवट होतात. आणि बीटर फिरवायचाच असेल तर ओल्या भांड्यात अंडं-दूध फेटताना खुशाल फिरवा, मैदा पडायच्या आधी. नणंदेलाही मी एवढीच सवलत दिली होती.