कर्ममेळ्याचं शेवटचं चरण

बाळ,

तुझा निबंध दोनदा वाचला. चोखोबांच्या लेकाचा, कर्ममेळ्याचा अभंग छान उलगडत आणलास आणि शेवटी 'अखेर कवी विठ्ठलचरणी लीन होतो' असं लिहून मोकळी झालीस. कुठे होतो लीन? ओळ दाखव मला. फोनवर म्हणालीस, वारकऱ्याचा अभंग शरणागतीतच संपणार ना? कवीची श्रद्धा ठाऊक आहे म्हणून कवितेचा शेवट आपण ठरवायचा नसतो. शेवटचं चरण वाचायचं असतं.

आधी बापाचा अभंग घे. 'शुद्ध चोखामेळा'मध्ये चोखोबा सांगतात, पूर्वी कृष्णनिंदा घडली म्हणून हा जन्म आला. शेवट असा: 'चोखा म्हणे विटाळ । आम्हां पूर्वीचें हें फळ'. दुःखाला कारण मिळालं आणि अभंग थांबला. याला स्वीकार म्हण. (चोखोबांचे सगळेच अभंग असे नाहीत, हेही लिही.)

लेक सुरुवातच करतो 'आमुची केली हीन याती' अशी. केली, झाली नव्हे! पूर्वजन्माचा सगळा हिशेब त्या एका क्रियापदाने बाद केला. पुढे उष्टं खाण्यात गेलेला जन्म येतो, देवाची लाज काढणं येतं, आणि मग हे: 'आमचे घरीं भात दहीं । खावोनी कैसा म्हणसी नाहीं'. विठ्ठल चोखोबांच्या घरी जेवला, ही गोष्ट तो खरी मानतो. मानतो म्हणूनच जाब विचारू शकतो. तेव्हा 'संशय' हा शब्द जपून वापर. देव आहे की नाही, हा त्याचा प्रश्नच नाही. जेवून गेलेला देव आता ओळख का देत नाही, हा आहे.

इथवर निषेध. मग शेवटचं चरण: 'म्हणे चोखियाचा कर्ममेळा । कासया जन्म दिला मला'. आतापर्यंत 'आमुची', 'आमचे घरीं' होतं, इथे एकदम 'मला'. साऱ्या जातीचं गाऱ्हाणं एका माणसाच्या गळ्यात येऊन अडकलं. 'तुका म्हणे', 'चोखा म्हणे' यानंतर बहुधा निवाडा ऐकायची आपल्या कानाला सवय असते. इथे बापाचं नाव घेऊन पोरगा प्रश्न टाकतो, आणि विठ्ठल बोलत नाही.

तिशीत असताना एका व्याख्यानात याच अभंगाला मी 'हा तर लेकराचा मायबापावरचा रुसवा' असं शेपूट जोडलं होतं. समोर वारी करणारी म्हातारी माणसं होती, त्यांना दुखवायचं नव्हतं. हेतू वाईट नव्हता, आजही तसंच वाटतं मला. पण उष्ट्यावर जगलेल्या माणसाचा प्रश्न मी रुसव्यावर नेला आणि टाळ्या घेतल्या. ते मला अजून सलतं, म्हणून तुझ्यावर एवढा चिडलोय.

तुझा शेवटचा परिच्छेद काढून टाक. त्याच्या जागी दुसरा लिहू नकोस. शेवटचं चरण जसंच्या तसं उतरव, आणि शनिवारपर्यंत मला पाठव.