डबल शॉटच्या बटणावर दर वेळी सारखंच पाणी यावं म्हणून ते सेट कसं करायचं?

«सेमी-ऑटोमॅटिक मशीन आहे. मेजरिंग ग्लास लावून बटण 40 मिलीवर सेट केलं. पण कॉफी भरली की कपात निम्मंसुद्धा येत नाही. कुठं चुकतंय?»

तो ग्लास आधी उचलून ठेवा. बटण सेट करताना पोर्टाफिल्टरमध्ये रोजची कॉफी भरलेली पाहिजे, कपाखाली काटा पाहिजे आणि दळण आधीच जमलेलं पाहिजे. एवढ्यावर थांबलो असतो, पण या मेजरिंग ग्लासनं आमच्या घरात जी भांडणं लावलीत ती अजून मिटलेली नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लातूरला क्लासेसच्या भागात दाजींचं आणि माझं भागीदारीत कॉफीचं दुकान आहे. मशीन दोन ग्रुपचं, म्हणजे एका वेळी दोन पोर्टाफिल्टर लागतात असं, सेकंडहँड घेतलेलं. बसवायला विक्रेत्याचा टेक्निशियन आला. त्यानं रिकामं पोर्टाफिल्टर लावलं, खाली ग्लास धरला, 40 ची रेघ आली की बटण दाबलं आणि "झालं सेटिंग" म्हणून चहा प्यायला बसला. दाजी खूश. मी 18 ग्रॅम कॉफी भरून तेच बटण दाबलं, तर कपात जेमतेम 16 ग्रॅम! काळी, दाट, तोंड वाकडं करणारी.

टेक्निशियन म्हणाला, दळण फार बारीक आहे. त्यानं ग्राइंडर जाड केला. शॉट दहा-बारा सेकंदांत संपला आणि कपात पुन्हा तेवढंच, फक्त आता पातळ आणि आंबट. त्यानं आणखी जाड केला. मी म्हटलं, "अहो, मशीन पाणी मोजायलंय, वेळ नाही. जाड केल्यानं पाणी कुठून वाढणार?" तर दाजी माझ्यावरच घसरले, "तू गप रे, त्याचं रोजचं काम आहे ते."

काय होतं ते सांगतो. मशीनच्या आत फ्लोमीटर नावाची एक छोटी डबी असते. पाणी गेलं की त्यातली चक्री फिरते, चक्रीत चुंबक असतं, वर सेन्सर असतो, आणि प्रत्येक फेऱ्याचे ठोके कंट्रोल बोर्ड मोजतो. तुम्ही बटण सेट करता तेव्हा बोर्ड मिली बिली काही लक्षात ठेवत नाही, फक्त ठोक्यांचा आकडा ठेवतो. ही डबी पाणी आत जाण्याच्या वाटेवर बसवलेली असते, कपाच्या तोंडाशी नाही. घराबाहेरचं नळाचं मीटर घरात किती पाणी आलं ते सांगतं, कुणाच्या पेल्यात किती पडलं ते सांगत नाही, तसंच.

आता 18 ग्रॅम कोरडी कॉफी स्वतःच साधारण तेवढंच किंवा थोडं जास्त पाणी पिऊन बसते. कॉफी आणि वरची जाळी यांच्यामधल्या पोकळीत आणखी काही मिली भरतं. शॉट थांबला की ते पाणी व्हॉल्व्हमधून खाली ट्रेमध्ये फेकलं जातं. तुम्हाला जो फुस्स आवाज येतो तो त्याचाच. म्हणजे 40 मिली गेलं, त्यातलं वीस-पंचवीस मिली कपापर्यंत पोचलंच नाही. रिकाम्या पोर्टाफिल्टरमध्ये हे काहीच घडत नाही, म्हणून ग्लासात 40 ची रेघ बरोबर दिसते. तुमचंही नेमकं हेच झालंय.

ग्लासावर माझा दुसरा राग क्रेमाचा. आपल्याकडच्या बऱ्याच ब्लेंडमध्ये रोबस्टा असते, फेस भरपूर येतो. ताज्या भाजलेल्या बियांचा शॉट 40 च्या रेघेला लागलेला दिसतो आणि दोन मिनिटांत फेस बसला की कितीतरी खाली जातो. वजन मात्र बसत नाही. म्हणून काटा. 0.1 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा काही फार महाग येत नाही.

टेक्निशियन गेल्यावर, दाजी घरी जेवायला गेलेले असताना, मी पुन्हा सेट केलं. तो क्रम जसाच्या तसा देतो.

मशीन अर्धा-पाऊण तास तापू दिलं आणि एक-दोन शॉट काढून टाकले. मग सेटिंगच्या बटणांना हात न लावता, सतत पाणी सोडणाऱ्या बटणावर दळण जमवलं. 18 ग्रॅम कॉफी, कपात 36 ग्रॅम, वेळ 28 सेकंदांच्या आसपास, आणि चव पटेपर्यंत ग्राइंडर हलवत राहिलो. हे जमेपर्यंत प्रोग्रॅमिंगला हात लावायचा नाही. दळण चुकलेलं असताना सेट केलं तर तोच चुकीचा शॉट बटणावर पक्का होतो.

मग तेच सतत पाण्याचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरलं. दिवे लुकलुकायला लागले, म्हणजे मशीन शिकायला तयार. 18 ग्रॅम भरून, टॅम्प करून पोर्टाफिल्टर लावलं, कप काट्यावर ठेवून काटा शून्य केला आणि डबलचं बटण दाबलं. नजर फक्त काट्यावर. 33 ग्रॅमला तेच बटण पुन्हा दाबलं. तीन ग्रॅम आधी कशाला? कारण बटण दाबल्या क्षणी ठोक्यांची मोजणी थांबते, पण वाटेत असलेली कॉफी थेंब-थेंब पडतच राहते. थेंब थांबले तेव्हा काटा 36 च्या जवळ स्थिरावला. तुमच्या मशीनला ही थेंबांची उधारी दोन ग्रॅम असेल किंवा चार, ती एकदा बघून घ्या.

एक लक्षात ठेवा, शिकवताना शॉट एका बाजूनं फुटला, पिचकारी उडाली किंवा मध्येच पांढरट धार आली तर तो ठेवायचा नाही. पुन्हा शिकवायचं. नंतर नुसतं बटण दाबून शॉट काढून बघायचे. आमचे 35.4, 36.6, 36 असे आले. एवढा फरक राहणारच. तो मशीनचा नाही, हाताचा.

आमच्या मशीनमध्ये डाव्या ग्रुपला शिकवलेलं आपोआप उजव्यालाही लागू होतं, बऱ्याच दोन ग्रुपच्या मशीनचं तसंच असतं. पण उजवा काट्यावर तपासल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. दोन्ही डब्या वेगवेगळ्या आणि सारख्याच झिजलेल्या असतील असं नाही.

दाजी जेवून आले, काटा बघितला आणि म्हणाले, "बटण सेट झालंय ना आता? मग हा काटा कशाला काउंटरवर? गिऱ्हाईक म्हणंल किराणा दुकान आहे का काय!" इथूनच आमचं खरं वाजलं. बटण पाणी बांधून देतं, कॉफी नाही. पोऱ्यानं गर्दीत 18 ऐवजी 20 ग्रॅम भरली तर जास्तीची कॉफी जास्तीचं पाणी धरते. कपात दोनेक ग्रॅम कमी येतं आणि शॉट लांबतो. 16 भरली तर उलटं. तेव्हा कपाखालचा काटा काढला तरी चालेल, पोर्टाफिल्टरखालचा काढायचा नाही. माझं यावर दुसरं मत नाही.

उलट पाणी बांधलं गेल्याचा खरा फायदा असा की आता घड्याळ तुम्हाला खरं बोलतं. कॉफी तीच, पाणी तेच, आणि 28 सेकंदांचा शॉट 22 वर आला तर दळण सरकलंय किंवा बिया जुन्या झाल्यात. ग्राइंडर अर्धी खूण बारीक करा, बटणाला हात लावू नका. घरगुती मशीनच्या छोट्या व्हायब्रेटरी पंपाला संध्याकाळी व्होल्टेज कमी मिळालं तर वेळ वाढलेला दिसेल, ठोके मात्र तेवढेच. आमच्याकडं चव बिघडली की दाजी आधी बटणच नव्यानं सेट करायला धावायचे. त्यामुळं वेळही गेला आणि मापही, काय बिघडलं हे कळायला काही उरलंच नाही.

बटण खरोखरच बिघडतं ते पाण्यानं. 2016 साली ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं मशीनच्या नशिबी बोअर नाहीतर टँकर. एका उन्हाळ्यात डबलचं बटण दाबलं की दिवा लुकलुकायचा आणि शॉट थांबायचाच नाही, कप भरून वाहायचा. टेक्निशियन म्हणाला, बोर्ड गेला, आणि आकडा असा सांगितला की दाजीसुद्धा गप्प झाले. बोर्ड ठीक होता. दिवा लुकलुकतोय म्हणजे बोर्डाला ठोके मिळत नाहीत. वीज बंद करून, प्रेशर उतरवून फ्लोमीटरचे स्क्रू काढले, तर चक्रीच्या टोकाला पांढरा क्षार चिकटून ती अडकलेली. कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड टाकून चक्री भिजवली, नुसती फुंकर मारली तरी सहज फिरायला लागली, परत बसवली, ठोके सुरू. त्यानंतर मशीनच्या आधी सॉफ्टनर बसवला.

आणि कप अर्धवट येतोय पण दिवा लुकलुकत नाही, असं असेल तर शॉट चालू असताना ट्रेकडं बघा. व्हॉल्व्हच्या नळीतून त्याच वेळी पाणी ठिबकत असेल, तर मोजलेलं पाणी तिकडं पळतंय. सेटिंग वाढवून ते झाकू नका, व्हॉल्व्ह साफ करून घ्या.

आता हे आधीच सांगायला हवं होतं, पण असो. वरचं सगळं फ्लोमीटर असलेल्या मशीनचं. काही स्वस्त मशीनमध्ये बटण नुसता टायमर असतं. ओळखायचं असं: कॉफी भरून सेट करा, मग पोर्टाफिल्टर काढून तेच बटण दाबून वेळ बघा. अडथळा नसल्यानं पाणी जोरात येईल आणि बटण बरंच लवकर थांबलं, तर फ्लोमीटर आहे. तेवढेच सेकंद चाललं तर टायमर. टायमरवर सारखं पाणी मिळण्याची आशा सोडा, हातानंच थांबवा.

बटणांचा क्रमही प्रत्येक मॉडेलचा वेगळा. ब्रेव्हिलच्या बरिस्ता एक्सप्रेसवर प्रोग्रॅमचं बटण एकदा दाबून मग कपाचं बटण दाबायचं, हवं तिथं तेच पुन्हा दाबायचं. नीट नाही जमलं तर प्रोग्रॅमचं बटण दाबून धरलं की कारखान्याचं मूळ माप परत येतं. सिंगलचं बटण मी सेटच केलेलं नाही. सिंगल बास्केटमध्ये कधी नीट शॉट निघत नाही, दोन तोंडांच्या पोर्टाफिल्टरनं डबल काढून वाटून घ्या.

बास्केट बदललं तर मात्र बटण नव्यानं शिकवायला लागतं. मध्यंतरी दाजींनी स्वस्तात मिळालं म्हणून 20 ग्रॅमचं बास्केट आणून मला न सांगता लावलं आणि ते काठोकाठ भरायला लावलं. कप कमी यायला लागले, तर मला फोन, "तुझं ते बटण पुन्हा गंडलंय बघ."