काँक्रीट गुलाबी झालं नाही म्हणजे ते तापलंच नाही, असं धरू नका

प्रश्न: "लक्ष्मीपुरीत आमची जुनी ग्राउंड प्लस टू बिल्डिंग आहे. खाली भाड्यानं दिलेल्या गादी-फोमच्या गोडाऊनला आग लागली, दीड तास चालली. स्लॅबचं कव्हर पडून सळया दिसतायत, एका कॉलमचे कोपरे उडालेत. एक इंजिनिअर म्हणतो पाडा. दुसरा म्हणतो काँक्रीट कुठंच गुलाबी नाही, म्हणजे फार तापलेलं नाही, गिलावा करून घ्या. कुणाचं ऐकायचं?"

दादा, आत्ता दोघांचंही ऐकू नका. आधी वरचे दोन्ही मजले रिकामे करा, जळालेल्या भागाखाली टेकू लावून घ्या, आणि टेकू लावणाऱ्या पोरांनासुद्धा सैल पोपडे लांब दांड्यानं पाडल्याशिवाय आत सोडू नका. बंबाचं पाणी वरच्या मजल्यावर किंवा भिजलेल्या मालात साठलं असेल तर ते वजन पण त्याच भाजलेल्या स्लॅबवर आहे हे ध्यानात ठेवा. आणि राडारोडा उचलायच्या आधी सगळ्याचे फोटो काढा, का ते खाली सांगतो.

आता गुलाबी रंगाचं. पुस्तकात बरोबर दिलंय की काँक्रीट साधारण ३०० अंशाच्या वर गेलं की गुलाबी-लालसर होतं, ६०० च्या पुढं पांढरट राखाडी आणि ९०० च्या आसपास पिवळट. ३०० ला महत्त्व अशासाठी की तिथपर्यंत ताकद फारशी जात नाही, तिथून पुढं उतरायला लागते आणि ५००-६०० ला साधारण निम्म्यावर येते. पण हा गुलाबी रंग सिमेंटचा नसतो, तो वाळू-खडीतल्या लोखंडाच्या संयुगांचा असतो, आणि गारगोटीच्या जातीच्या दगडात तो छान दिसतो. आपल्याकडं कोल्हापुरात खडी कुठली? काळ्या दगडाची, म्हणजे बेसाल्टची. आता तर वाळू पण बहुतेक ठिकाणी तोच दगड भरडून केलेली क्रश सँड. बेसाल्टसारख्या अग्निज दगडात हा रंग फार फिका येतो नाहीतर येतच नाही. म्हणजे गुलाबी दिसलं तर ते काँक्रीट तापलंय हे नक्की धरा, पण दिसलं नाही म्हणून तापलं नाही असं कोल्हापूरच्या काँक्रीटबद्दल म्हणताच येत नाही. तुमच्या दुसऱ्या इंजिनिअरची चूक इथं आहे.

मग किती तापलं ते कसं कळायचं, तर पहिला पुरावा राड्यातच पडलेला असतो. ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, म्हणजे खिडकीच्या सेक्शनचे थेंब जमिनीवर गोठलेले सापडले तर तिथली हवा त्याच्यावर गेली होती. काचेचे तुकडे कडेला गोल होऊन ओघळलेत का बघा, तसं असेल तर ७००-८०० धरा. पितळेची कडी-कोयंडी वितळली असतील तर ९०० च्या पुढं. उलट एखाद्या कोपऱ्यात पीव्हीसीचा पाइप नुसता वाकलाय आणि रंगाचा थर तसाच आहे, तर तिथं काळजी कमी. पण ही गोष्ट किती उंचीवर होती ते लिहून ठेवा, कारण छताखाली आणि जमिनीलगत शेकडो अंशांचा फरक असतो. म्हणून म्हटलं की साफसफाईची घाई नको.

दुसरा पुरावा उडालेल्या जागेत. कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, का उडतं, तर काँक्रीटच्या आत पाणी असतं, त्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि त्याच वेळी तोंडाचा थर गरम होऊन फुगत असतो पण आतला थंडच असतो, मग तो थर सुटून येतो. हे बहुतेक पहिल्या अर्ध्या तासात होतं, आवाज येतो फटाके फुटल्यासारखा, आजूबाजूच्या दुकानदारांना विचारा कुणी ऐकलाय का. दुसरा प्रकार उशिराचा, आग विझताना नाहीतर पाण्याचा मारा बसल्यावर कोपरे ढासळून पडतात. दोन्हीत फरक फार मोठा आहे, कारण कव्हर आधी उडालं असेल तर सळई उरलेला तासभर उघड्या आगीत होती आणि शेवटी पडलं असेल तर तोपर्यंत सळईवर पांघरूण होतं.

हा फरक डोळ्यानं दिसतो. बॅटरी घेऊन उडालेल्या खळग्यात जवळून बघा. आतलं तोंड आणि सळई काजळीनं काळी असेल तर कव्हर आग चालू असताना पडलंय. तोंड ताजं, राखाडी, आत्ताच फोडल्यासारखं स्वच्छ आणि सळईवर काजळी नाही, तर बहुतेक विझताना पडलंय. बहुतेक म्हणायचं कारण एकच, फार तापलेल्या जागी काजळी पण जळून जाते, म्हणून आग जिथं पेटली त्याच्या बरोबर डोक्यावर हा नियम एकटा वापरू नका.

आता सळईचं. तुमची बिल्डिंग जुनी म्हणताय, तर सळईला दोरीसारखा पीळ आहे का बघा. पीळ असेल तर ती जुनी टॉर सळई, थंड अवस्थेत पिळून ताकद आणलेली, आणि ती ताकद ४५० अंशाच्या वर गेली की थंड झाल्यावर पण परत येत नाही. भट्टीतून गरम लाटून आलेली साधी सळई मात्र ६०० पर्यंत तापूनसुद्धा गार झाल्यावर जवळजवळ पूर्ववत होते. सळई डोळ्याला कशी दिसते त्यावर जाऊ नका, नमुना कापून लॅबमध्ये ताण चाचणी करायची आणि शेजारच्या न जळालेल्या खोलीतला एक तुकडा तुलनेला द्यायचा.

उद्यमनगरात काही वर्षांमागं प्लास्टिक मालाच्या एका गोडाऊनचं काम मी केलंय, ते तुमच्यासारखंच होतं म्हणून सविस्तर सांगतो. तिथं पण गुलाबी कुठंच नव्हतं. आम्ही आधी हातोडा घेऊन प्रत्येक बीम, कॉलम, स्लॅबचा प्रत्येक चौक ठोकला, जिथं टणटण वाजलं तिथं हिरवा खडू, जिथं बद्द वाजलं तिथं लाल. मग लाल जागी छन्नीनं खरवडत आत गेलो, भाजलेलं काँक्रीट ठिसूळ असतं, छन्नी सहज घुसते आणि चुरा होतो, आणि एका खोलीला आल्यावर एकदम छन्नी उडायला लागते. ती खोली मोजून नकाशावर लिहायची. काँक्रीट उष्णता फार हळू आत नेतं, तासाभराच्या जोरदार आगीत तोंडाला ८००-९०० अंश असतील तरी ५० मिमी आत साधारण ३०० च्या खालीच असतं, त्यामुळं ही खोली सहसा मिमीमध्येच निघते. नंतर मोजक्या जागी ड्रिलनं काँक्रीटचे नळीसारखे गोल नमुने, म्हणजे कोअर, काढून त्यांचे काप केले आणि बाहेरून आत प्रत्येक कापानं किती पाणी शोषलं ते पाहिलं. बाहेरचे काप जास्त पीत होते, ३० मिमीच्या आत सगळे सारखे झाले. छन्नीनं पण तेच सांगितलं होतं.

काँक्रीटवर आपटून उसळी मोजणाऱ्या रिबाउंड हॅमरचा आकडा थेट ताकद म्हणून कुणी देत असेल तर घेऊ नका. तो तोंडाच्या थरावर आपटतो आणि तोच थर भाजलेला, खडबडीत असतो. न जळालेल्या भागाशी तुलना करायला ठीक आहे, तेवढाच.

तर ३० मिमी. आता हेच ३० मिमी कॉलमला आणि स्लॅबला वेगळं पडतं, आणि पाडायचं की ठेवायचं ते इथं ठरतं. तिथला कॉलम २३० बाय ३८०. चारी बाजूंनी आग लागलेली, प्रत्येक बाजूचे ३० गेले की उरतो १७० बाय ३२०, क्षेत्रफळ काढा, ६२ टक्केच शिल्लक. कॉलम काँक्रीटच्या जिवावरच वजन पेलतो, त्यामुळं बाहेरून नुसते कोपरे उडालेला तो कॉलम मला सगळ्यात धोक्याचा वाटला. स्लॅबचे खालचे ३० मिमी गेले तर गाळ्याच्या मधल्या भागात खालचं काँक्रीट तसं फारसं कामाचं नसतंच, दाब वरच्या बाजूला असतो आणि ती बाजू थंड राहिलेली असते. तिथं प्रश्न सळईचा आणि तिच्या पकडीचा. पण सलग बीम जिथं कॉलमला मिळतो तिथं उलटं, दाब खालच्या बाजूला येतो, त्यामुळं बीमच्या टोकाला खालून उडालेलं असेल तर ते मधल्यापेक्षा गंभीर धरायचं. म्हणून सगळ्या बिल्डिंगला एकच शेरा देता येत नाही, एकेक मेंबर बघावा लागतो.

शेवटी तिथं असं झालं. आगीच्या बरोबर वरचा स्लॅबचा एक चौक साडेतीन मीटरच्या गाळ्यात ३५ मिमी खाली झुकला होता, सळया काळ्या, दोन ठिकाणी वाकून काँक्रीटपासून सुटलेल्या, आणि लॅबमध्ये टॉर सळईची ताकद चांगल्या तुकड्यापेक्षा बरीच कमी आली. तो चौक तोडून नवीन टाकला. तीन कॉलमना भाजलेला थर काढून, जुन्या-नव्या काँक्रीटला जोडणाऱ्या छोट्या सळया, म्हणजे डॉवेल, बसवून, नवीन सळया-रिंगांचं ७५ मिमीचं काँक्रीट जॅकेट केलं, पण आधी टेकू लावून कॉलमवरचा भार कमी केला, नाहीतर जॅकेट नुसतं शोभेचं राहतं. बाकी स्लॅबचं सैल काढून सळईच्या मागं बोट जाईल इतकं मोकळं केलं आणि गनायटिंग केलं, म्हणजे हवेच्या दाबानं सिमेंट-वाळूचा माल मारला. मागचे दोन गाळे नुसते धुऊन गिलावा. म्हणजे एकाच बिल्डिंगमध्ये तुमच्या दोन्ही इंजिनिअरांचं म्हणणं आपापल्या जागी खरं ठरलं.

दुरुस्त केलेल्या स्लॅबला काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे भार चाचणी घेतली, नेहमीच्या वापराच्या भाराच्या सव्वापट वाळूची पोती २४ तास. स्लॅब ४.२ मिमी खाली आला, पोती काढल्यावर २४ तासांत ३.६ मिमी परत वर गेला. किमान ७५ टक्के परत यावं लागतं, इथं ८६ आले.

तुमच्याकडं दोन गोष्टी अजून बघून घ्या. आगीत वायरिंग, पाइप असं पीव्हीसी बरंच जळालं असेल तर त्यातून हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ निघते, ती काँक्रीटवर बसते आणि क्लोराइड आत गेलं की काही वर्षांनी सळई गंजते, तेव्हा वेगवेगळ्या खोलीची पावडर काढून क्लोराइड तपासायला सांगा. दुसरं, तापलेल्या काँक्रीटमधल्या चुन्याचा कळीचा चुना झालेला असतो, तो हवेतली ओल पिऊन हळूहळू फुगतो आणि आज टणटण वाजणारा भाग महिन्याभरात बद्द वाजायला लागतो. आपला पावसाळा बघता हे होणारच, म्हणून ठोकायचं काम चार-सहा आठवड्यांनी परत एकदा करून घ्या आणि मगच दुरुस्तीचा अंतिम नकाशा करा. आणि कुणी कॉलमला नुसता फायबर रॅप, म्हणजे इपॉक्सीनं चिकटवलेलं फायबरचं कापड, गुंडाळून देतो म्हणाला तर विचारा की परत आग लागली तर काय, कारण त्याचा इपॉक्सी ६०-८० अंशालाच मऊ पडतो. खाली परत गोडाऊनच भाड्यानं देणार असाल तर काँक्रीटचं जॅकेटच घ्या.

त्या उडालेल्या कॉलमचे आणि उघड्या सळयांचे जवळून फोटो टाका, बाजूला मोजपट्टी धरून.